सर्दी गेली, पण वास परत आला नाही: घरी करायचा वासाचा सराव

सर्दी बरी होऊन महिना उलटला, नाक मोकळं झालं, श्वास छान येतो, पण फोडणीचा वास येत नाही आणि जेवणाला चव नाही. अशी तक्रार घेऊन येणारी माणसं कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवीन नाहीत. २०२० नंतर करोनामुळे ही तक्रार घराघरांत पोचली, पण साध्या सर्दीच्या आणि फ्लूच्या विषाणूंमुळे वास जाण्याचं प्रमाण त्याआधीही कमी नव्हतं. प्रश्न तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहेत: हे आपोआप बरं होईल का, किती दिवस वाट पाहायची, कोणती गोळी घ्यायची, आणि लवंग-निलगिरी हुंगण्याचा तो सराव खरंच उपयोगी पडतो की नुसतीच समजूत आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. सराव उपयोगी पडतो, पण सगळ्यांना नाही आणि लगेच तर नाहीच. नेमका कसा करायचा हे माहीत नसल्यामुळे बरेच जण तो दोन-तीन आठवड्यांत सोडून देतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या सरावाविषयी आहे.

आधी ओळखा: गेलं काय, वास की चव?

"तोंडाला चवच नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकांची जीभ ठणठणीत असते. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि रस्सा-मटणात लागतो तो मांसल 'उमामी' स्वाद एवढंच कळतं. हे वरण आहे की आमटी, आंबा आहे की पपई, हे कळतं ते घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासामुळे. वास गेला की जेवण नुसतं खारट-आंबट-तिखट उरतं.

याची परीक्षा दोन मिनिटांत घरी होते. चिमूटभर साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबाचा थेंब जिभेवर एकेक करून ठेवा. तिन्ही ओळखू आले तर जीभ शाबूत आहे. मग डोळे मिटून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी कॉफी पावडर, हिंग, कुटलेली वेलची, साबण अशा वस्तू एकेक करून नाकाजवळ धरायला सांगा. काही कळलं नाही तर वास गेला आहे.

या परीक्षेत एक फसगत हमखास होते. "मला बामचा वास येतो, म्हणजे नाक चालू आहे" असं बरेच जण सांगतात. बाम, कापूर, पुदिन्याचा अर्क, अमोनिया, चिरलेला कांदा, मिरचीचा ठसका यांतली थंडाई किंवा झोंबणं आपल्याला कळतं ते चेहऱ्याच्या संवेदनांच्या वेगळ्याच नसेमुळे. वास संपूर्ण गेलेल्या माणसालाही बाम झोंबतो. म्हणून परीक्षेत कॉफी, वेलची, गुलाब असे न झोंबणारे वास ठेवा.

नाक बंद आहे, की नस दुखावली आहे?

सर्दीत वास जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि पुढचा सगळा निर्णय त्यांवर अवलंबून आहे.

पहिलीत नाक चोंदलेलं असतं. वासाचे कण नाकाच्या छतापर्यंत पोचतच नाहीत. सूज उतरली की एक-दोन आठवड्यांत वास परततो. कुणाचा वास एक दिवस येतो, दुसऱ्या दिवशी जातो, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर थोडा येतो. अशी ये-जा असेल तर मामला सूज, अॅलर्जी, सायनस किंवा नाकातल्या मांसल वाढीचा, म्हणजे पॉलिपचा, असण्याची शक्यता जास्त. तिथे सरावापेक्षा त्या आजारावरचे उपचार आधी हवेत.

दुसरीत नाक मोकळं होतं आणि तरीही वास येत नाही. नाकाच्या छताशी असलेल्या छोट्याशा पातळ त्वचेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. विषाणू त्यांना किंवा त्यांना आधार देणाऱ्या पेशींना इजा करतो. या चेतापेशींचं वैशिष्ट्य असं, की शरीरातल्या बहुतेक चेतापेशींच्या उलट, त्या मेल्या तरी कायमच्या संपत नाहीत. त्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून आयुष्यभर नव्या तयार होत राहतात. मात्र नव्या पेशीला वाढून आपला धागा मेंदूपर्यंत नेऊन योग्य जागी जोडावा लागतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत आणि प्रत्येक प्रकारचा धागा ठरलेल्या ठिकाणी जावा लागतो. वेळ लागतो तो या जोडणीला, आणि सरावाचा उपयोग होतो तो इथेच.

किती दिवस वाट पाहायची?

तारीख सांगणं कुणालाच शक्य नाही, पण साधारण वाट अशी असते.

- पहिले दोन आठवडे: नाक मोकळं होतं आणि बहुतेकांचा वास त्याबरोबर परततो.
- दोन आठवडे ते तीन महिने: चेतापेशींना इजा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची सुधारणा याच काळात सुरू होते.
- तीन महिने ते वर्ष: सुधारणा मंद होते, पण होत राहते. वास विचित्र येऊ लागणं याच टप्प्यात जास्त दिसतं. त्याविषयी पुढे.
- वर्षानंतर: काहींना दुसऱ्या, अगदी तिसऱ्या वर्षीही फरक पडतो. काहींचा वास मात्र अर्धवटच राहतो.

वय कमी असेल आणि थोडासा तरी वास शिल्लक असेल, तर आशा जास्त. साठीपुढे आणि वास संपूर्ण गेलेला असेल तर गती कमी.

सराव आला कुठून?

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वास गेलेल्या रुग्णांना त्यांनी चार वास दिले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, बारा आठवडे. सराव करणाऱ्यांची वास ओळखण्याची ताकद वाढली. सराव न करणाऱ्यांची होती तेवढीच राहिली. हे चार वास निवडण्यामागे जर्मन मानसशास्त्रज्ञ हान्स हेनिंग यांची शंभर वर्षांपूर्वीची वासांची विभागणी होती. तिच्यातले चार गट त्यांनी घेतले: फुलाचा, फळाचा, मसाल्याचा आणि राळेचा. पुढे इतर देशांतही असे अभ्यास झाले. थोडा तीव्र वास वापरला, सराव लवकर सुरू केला आणि काही महिन्यांनी वास बदलले, तर फायदा वाढतो असं त्यांत दिसलं.

सामान कसं जमवायचं?

झाकण घट्ट बसेल अशा, रुंद तोंडाच्या चार लहान काचेच्या बाटल्या घ्या. गडद काचेच्या मिळाल्या तर उत्तम. प्रत्येकीच्या तळाशी कापसाचा बोळा किंवा जाड टिपकागदाची चकती ठेवा आणि त्यावर दहा-बारा थेंब तेल टाका. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा. उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा. दोन-तीन महिन्यांनी, किंवा घरातल्या चांगल्या नाकाच्या माणसाला वास फिका वाटू लागला की, बोळा बदला.

निलगिरीचं आणि लवंगेचं तेल औषधाच्या दुकानात सहज मिळतं. लवंगतेल नसेल तर सात-आठ लवंगा जाडसर कुटून घ्या, मात्र ती पूड दर आठवड्याला बदला. लिंबासाठी तेल मिळालं नाही तर रोज लिंबाची ताजी साल किसा किंवा गवती चहाची पात चुरगाळा. लिंबाचा रस मात्र नको, त्याला वास कमी आणि आंबटपणा जास्त. गुलाबाचं शुद्ध तेल महाग असतं. गुलाबजलाचा वास दुखावलेल्या नाकाला फार हलका पडतो. त्यापेक्षा गुलाबाचं चांगलं अत्तर घ्या. अगरबत्ती चालणार नाही, कारण धूर नाकाला त्रास देतो आणि तिच्यात अनेक वास मिसळलेले असतात.

लहान मुलं असलेल्या घरात या बाटल्या कुलपात ठेवा. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात. दमा असलेल्यांनी किंवा फिट्स येणाऱ्यांनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि कुठलंही तेल नाकात थेंबभरसुद्धा टाकू नका; बाटली फक्त हुंगायची आहे.

रोजचा सराव

सकाळी काही खाण्याआधी आणि रात्री जेवणाआधी, शांत जागी बसून:

1. नाक शिंकरून घ्या. पहिली बाटली उघडून नाकपुड्यांपासून दोन बोटं अंतरावर धरा.
2. दीर्घ श्वास ओढू नका. छोटे, हलके, एकामागून एक हुंगा, साधारण १० ते २० सेकंद.
3. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणा. लवंग असेल तर मसालेभात, गुलाब असेल तर लग्नातला हार. वास येत नसला तरी आठवा.
4. झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि पुढची बाटली घ्या.

चारही बाटल्या मिळून जेमतेम पाच मिनिटं लागतात. आठवण काढायची पायरी बरेच जण वगळतात, आणि ती वगळू नये. टीव्ही बघत बाटली नाकाशी फिरवणं म्हणजे सराव नव्हे. नाकातून येणारा क्षीण संदेश ओळखायला मेंदूने लक्ष दिलं पाहिजे.

निदान बारा आठवडे खंड न पाडता करा. त्यानंतर चारही वास बदलून आणखी बारा आठवडे करणं चांगलं. आपल्या स्वयंपाकघरातच दुसरा संच तयार आहे: वेलची, दालचिनी, संत्र्याची साल, कॉफी. वेलचीच्या जागी बडीशेपही चालेल.

नोंद रोज करू नका, आठवड्यातून एकदा करा. रोज गुण देत बसलं की मन खचतं. दर रविवारी घरातल्या कुणाला तरी बाटल्यांचा क्रम बदलून द्यायला सांगा, डोळे मिटून ओळखा आणि प्रत्येक वासाला शून्य ते दहा गुण द्या.

सुधारणा कशी दिसते: एक नमुना

समजा, नाशिकमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत. फेब्रुवारीत सर्दी झाली, आठ दिवसांत नाक मोकळं झालं, वास मात्र शून्य. भाजीत मीठ कमी-जास्त झालेलं कळतं, पण भाजी करपली तरी कळत नाही. पाचव्या आठवड्यात त्या तज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं: सूज नाही, पॉलिप नाही. सराव सुरू झाला.

पहिले चार आठवडे काहीच नाही. सगळे गुण शून्य. बहुतेक माणसं सराव सोडतात ती इथे.

सहाव्या आठवड्यात लवंगेच्या बाटलीत "काहीतरी आहे" एवढं जाणवतं. लवंग म्हणून ओळखू येत नाही, पण ती रिकामी नाही हे कळतं. सुधारणेची पहिली खूण बहुधा अशीच असते, म्हणून तिला शून्य नव्हे, एक गुण द्यायचा. आठव्या आठवड्यात गुलाबाचा वास सेकंदभर येऊन जातो.

मग अकराव्या आठवड्यात भलतंच घडतं. कांदा परतताना जळक्या रबरासारखी घाण येते. कॉफी नाकाजवळ धरवत नाही. त्यांना वाटतं तेलांनी नाक बिघडलं, आणि त्या बाटल्या टाकून द्यायला निघतात.

हा बिघाड नाही. या विकृत वासाला डॉक्टर 'पॅरोस्मिया' म्हणतात. सर्दीनंतर काही महिन्यांनी, नव्या चेतापेशी जोडल्या जात असताना, तो बऱ्याच जणांना होतो. वासाचे सगळे संदेश अजून पोचत नाहीत; जे मोजके पोचतात, त्यांवरून मेंदू चुकीचं चित्र उभं करतो. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीतला एकेक घटक वेगळा करून अशा रुग्णांना हुंगायला दिला, तेव्हा त्यातले काही गंधकयुक्त घटक सर्वांत जास्त त्रास देतात असं दिसलं. कांदा, लसूण, भाजलेलं मांस, अंडं यांचा त्रास होतो तो अशाच घटकांमुळे. हा काळ काही आठवड्यांचा असतो, कधी अनेक महिन्यांचाही. पण ज्या नाकात काहीच नव्हतं तिथे पेशी पुन्हा जुळू लागल्याची ती खूण असते.

म्हणून या बाईंनी सराव चालू ठेवायचा. एखादी बाटली असह्य झाली तर तेवढीच बदलायची. सहाव्या महिन्यात जिऱ्या-मोहरीची फोडणी ओळखू येऊ लागते, हिंग अजून येत नाही, कॉफी अजून वाईट लागते. सगळे वास एकदम परत येत नाहीत. एकेक करून येतात, आणि काही आधीसारखे कधीच होत नाहीत. केंद्रातल्या चवीची जबाबदारी तोवर दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागते.

तोवर जेवायचं काय?

पॅरोस्मियात गरम, तळलेले, कांदा-लसणाचे पदार्थ सर्वांत जास्त त्रास देतात, कारण वाफेबरोबर वास चढतो. कांदा-लसूण न घालता करायचा स्वयंपाक आपल्याकडे भरपूर आहे. तो या दिवसांत कामी येतो. दहीभात, ताक, साधं वरण, उकडलेला बटाटा, पनीर, फळं हे सगळं थंड किंवा कोमट खा.

वास नुसताच येत नसेल तर उलट करा. लिंबू, चिंच, हिरवी मिरची, आलं यांचा आंबटपणा आणि झोंबणं शाबूत असतं, आणि कुरकुरीतपणाही. दह्यावर भाजलेले शेंगदाणे, वरणभाताबरोबर पोह्याचा पापड अशी जोड द्या. बेन अँड जेरीज या अमेरिकी आइस्क्रीमचे एक संस्थापक बेन कोहेन यांना वासाची जाण जवळजवळ नाही. त्यांच्या आइस्क्रीममध्ये मोठमोठे तुकडे आले ते त्यांना तोंडात काहीतरी लागावं म्हणून.

रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट सांभाळावी. चव लागत नाही म्हणून हात नकळत मिठाकडे आणि साखरेकडे जातो. मीठ मापाच्या चमच्यानेच घाला. वजन उतरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

औषधांविषयी

सर्दीनंतर गेलेला वास खात्रीने परत आणणारी गोळी नाही. झिंक आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा फायदा, शरीरात त्यांची कमतरता नसेल तर, सिद्ध झालेला नाही. नाकात घालायच्या झिंकच्या जेलमुळे तर काहींचा वासच गेला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला.

स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. सूज किंवा पॉलिप असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. पण नाक स्वच्छ असताना केवळ वासासाठी त्या घेण्याचा फायदा अनिश्चित आहे, आणि साखर वाढणं, पित्त, झोप उडणं हे त्रास ठरलेले. डॉक्टरांनी लिहून दिल्याच तर "माझ्या नाकात सूज दिसली का?" हे जरूर विचारा. आजार, उपचार आणि पर्याय समजून घेणं, आपले कागद मागणं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे.

नाक मोकळं करणारे, दुकानात सहज मिळणारे थेंब पाच-सहा दिवसांपलीकडे नकोत. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून थंड केलेलंच वापरा, नळाचं थेट नको.

तज्ज्ञांकडे कधी जायचं?

नाक मोकळं होऊन चार ते सहा आठवडे झाले आणि वास आला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवा. पुढीलपैकी काही असेल तर मात्र थांबू नका:

- सर्दी नसताना वास गेला किंवा हळूहळू कमी होत गेला
- डोक्याला मार लागल्यानंतर वास गेला, विशेषतः एका नाकपुडीतून पाण्यासारखं गळत असेल तर
- एकच नाकपुडी बंद राहते, तिच्यातून रक्त किंवा घाण येते
- सोबत तीव्र डोकेदुखी, नजरेत बदल, हातापायांचा कंप किंवा विसरभोळेपणा आहे

घरातली सुरक्षितता

वासाशिवाय राहणाऱ्या माणसाला खरा धोका असतो तो गॅसचा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि तुम्हाला नेमकं तेच कळत नाही. गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र बसवून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ लावा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका असतो, त्यासाठी ते छताजवळ लावायचं. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावा. शिळं अन्न नाकाने तपासता येत नाही, म्हणून डब्यावर तारीख लिहा आणि दूध, मासे, मटण दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या.

तुम्ही घरी एकटे राहत असाल, तर वास गेल्याचं शेजाऱ्यांना सांगून ठेवा. एलपीजी गळतीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९०६ आहे. तो आजच फोनमध्ये साठवा.